डब्यावरचं वय: घरी बनवलेली लाकडी खेळणी विकण्याआधी ठरवायची पहिली गोष्ट

या आठवड्याच्या व्हिडिओत मी एक लाकडी मोजणी पाटी हातात घेऊन फिरवून दाखवली. पाच दांडे, पंधरा चकत्या, एक ते पाच अंक. ती बघून बऱ्याच जणांनी मापं विचारली, खर्च विचारला. व्हिडिओत सगळं बसलं नाही, म्हणून इथे नीट लिहून देते. वही-पेन घेऊन बसा.

हा लेख कोणासाठी आहे? आपल्या मुलासाठी घरात एखादं लाकडी खेळणं किंवा ॲक्टिव्हिटी बॉक्स बनवला, शेजारच्यांनी मागितला, मग मैत्रिणींनी मागितला, आणि आता "विकायला काढूया का?" असा विचार करणाऱ्या आई-बाबांसाठी. अशा वेळी बहुतेक जण आधी ब्रँडचं नाव शोधतात, लोगो बनवतात, इन्स्टाग्रामवर पेज उघडतात. माझं सांगणं वेगळं आहे. आधी हे ठरवा की डब्यावर वय कोणतं लिहिणार. चकती किती मोठी, रंग कोणता, दांडा किती जाड, किंमत किती आणि कागदपत्रं कोणती, हे सगळं त्या एका आकड्यावरून ठरत जातं.

"३+" लिहिलं म्हणजे सुटलो का?

माझ्या बॅचमध्ये एक ताई होत्या. त्यांनी आपल्या मुलीसाठी अशीच मोजणी पाटी बनवली होती. चकत्यांऐवजी बाजारातून तयार लाकडी मणी आणले होते, २५ मिलिमीटरचे. पाटी दिसायला सुंदर होती. डब्यावर "वय ३+" असं छापून घेतलं होतं आणि डब्याच्या झाकणावर फोटो होता दीड वर्षाच्या बाळाचा, हातात मणी धरलेला.

मी विचारलं, "ताई, हे कुणासाठी आहे?"

त्या म्हणाल्या, "एक वर्षाची मुलंही छान खेळतात. ३+ आपलं सेफ राहावं म्हणून लिहिलंय."

इथेच गडबड होते. खेळणं कोणत्या वयाचं, हे फक्त तुमच्या छापलेल्या आकड्यावर ठरत नाही. तो आकडा पटण्यासारखा आहे का, जाहिरातीत आणि फोटोत काय दाखवलंय, आणि तशा प्रकारचं खेळणं लोक साधारण कोणत्या वयाच्या मुलाला देतात, हे सगळं बघितलं जातं. एकावर एक रचायच्या चकत्या, खुंटी धरून उचलायचे कोडी-तुकडे, खुळखुळा, दोरी ओढून चालवायचं लाकडी बदक, ही खेळणी तीन वर्षांच्या आतली मुलं खेळतात हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्यावर ३+ लिहून जबाबदारी संपत नाही.

आणि तीन वर्षांची रेष कुठून आली? या वयाच्या आतलं मूल वस्तू ओळखायला ती तोंडात घालतं. त्याची श्वासनलिका अरुंद असते, दाढा पुरत्या आलेल्या नसतात, जोरात खोकून वस्तू बाहेर टाकण्याची ताकद कमी असते. गोल गुळगुळीत मणी घशात अगदी बूच लावल्यासारखा बसू शकतो. म्हणून सर्वात कडक नियम याच वयासाठी आहे.

लहान तुकड्याची चाचणी

तीन वर्षांच्या आतल्या खेळण्यासाठी एक ठरलेली नळी वापरतात. तिचा आतला व्यास ३१.७ मिमी असतो आणि तळ तिरका असतो, त्यामुळे खोली एका बाजूला २५.४ मिमी आणि दुसऱ्या बाजूला ५७.१ मिमी भरते. खेळण्याचा कोणताही सुटा भाग, न दाबता, कसाही फिरवून, या नळीत पूर्ण मावला तर तो नापास. नुसता सुटा भागच नाही, आपटल्यावर किंवा ओढल्यावर निघालेला तुकडाही त्यात मावता कामा नये.

चेंडूसारख्या गोल वस्तूंचा नियम याहून कडक आहे. गोळा नळीत मावत नसला तरी ४४.५ मिमीपेक्षा लहान असेल तर तीन वर्षांच्या आतल्या मुलाला चालत नाही, कारण गोल वस्तू घशात सरकून अडकते.

अशी नळी ऑनलाइन मिळते. ती येईपर्यंत घरच्या घरी एक सोपा उपाय करता येतो. टिश्यू पेपरचा रोल संपला की उरणारी पुठ्ठ्याची नळी घ्या. ती खऱ्या नळीपेक्षा रुंद असते. तुमच्या खेळण्याचा जो भाग त्यातून आरपार जाईल त्याला "संशयित" म्हणा आणि माप वाढवा. ही चाळणी आहे, प्रयोगशाळेचा दाखला नव्हे, पण पहिल्याच दिवशी चुकीचं माप पकडून देते.

आता ताईंचा मणी घ्या. २५ मिमीचा मणी ३१.७ च्या नळीत सहज पडतो. नापास. त्याऐवजी ४५ मिमी व्यासाची आणि १२ मिमी जाडीची सपाट चकती घेतली तर? आडवी ठेवली तर ४५ मिमी नळीच्या तोंडात बसत नाही. उभी धरली तरी रुंदी ४५ मिमीच राहते, म्हणून आत जात नाही. पास. डिझाइन तेच, अंक तेच, फक्त मण्याची चकती झाली.

पाटी पुन्हा बनवूया

आम्ही ती पाटी बॅचमध्येच नव्याने आखली, वय १८ महिने आणि पुढे असं धरून. मापं अशी ठरली.

पाया ३०० मिमी लांब, ८० मिमी रुंद, २० मिमी जाड. त्यावर ५५ मिमी अंतराने पाच भोकं, १२ मिमी खोल, आरपार नाही. दांडे १५ मिमी जाडीचे. पहिल्या दांड्यावर एक चकती मावेल, दुसऱ्यावर दोन, असं पाचपर्यंत. सर्वात उंच दांडा पायाच्या वर साधारण ६५ मिमी. चकत्या पंधरा, मधलं भोक १८ मिमी.

दांडा जाड का? ताईंनी आधी ८ मिमीचे दांडे लावले होते. पायातून उभी राहिलेली बारीक काठी म्हणजे मूल तोल जाऊन पडलं तर डोळ्याशी गाठ. म्हणून दांडा जाड, उंची लागेल तेवढीच, आणि टोक घुमटासारखं गोल घासलेलं.

भोक दांड्यापेक्षा ३ मिमी मोठं का? आपल्याकडचा पावसाळा. लाकूड हवेतला ओलावा पिऊन फुगतं. मे महिन्यात छान सरकणारी चकती जुलैत दांड्यावर अडकून बसते आणि गिऱ्हाईक फोन करतं. थोडी सैल चकती लहान हातांनाही सोपी जाते.

चकत्या ड्रिल मशीनला होल सॉ लावून काढता येतात. एक लक्षात ठेवा, होल सॉवर लिहिलेलं माप बाहेरच्या भोकाचं असतं. आतून निघणारी चकती पात्याच्या जाडीमुळे काही मिलिमीटर लहान येते. म्हणजे ४५ मिमीची चकती हवी तर त्याहून मोठा होल सॉ घ्या, आधी फालतू फळीवर एक चकती काढून मोजा, घासल्यावर किती उरते तेही मोजा.

लाकूड कोणतं? पाइन स्वस्त पडतं, पण त्यात गाठी असतात. सुकलेली गाठ काही महिन्यांनी सुटून पडते, आणि ती गाठ म्हणजे तयार लहान तुकडा. चकत्यांसाठी गाठ नसलेला भागच कापा. एमडीएफ गुळगुळीत कापलं जातं, पण लाळ लागली की कडा फुगतात आणि त्याचा भुसा सुटतो, म्हणून तोंडात जाणाऱ्या वस्तूसाठी ते नको. प्लायवूडच्या कडेला कुसळं निघतात. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी काळ्या कुड्याच्या लाकडाची असतात आणि लेथवर फिरवता फिरवताच त्यांना लाखेचा रंग चढवतात. तिथल्या कारागिरांनी बारीक रेषांचं, सहज न चिरणारं लाकूड निवडलं यात मोठा धडा आहे.

घासण्याची पद्धत: आधी १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग १८०. त्यानंतर लाकडावर ओलं फडकं फिरवा आणि वाळू द्या. हात लावून बघा, गुळगुळीत झालेलं लाकूड पुन्हा खरखरीत लागेल, कारण दबलेले तंतू पाणी पिऊन उभे राहिले. आता २२० किंवा २४० नंबरने घासा. ही पायरी गाळली तर तेच तंतू बाळाच्या लाळेने उभे राहतात.

रंगाच्या डबीवर "नॉन-टॉक्सिक" लिहिलंय, मग?

तो शब्द वाचून थांबू नका. खेळण्यांच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस ९८७३ च्या भाग ३ मध्ये, रंगातून शिसं, कॅडमियम, पारा असे घटक किती सुटतात ते मोजतात. शिशासाठी मर्यादा किलोमागे ९० मिलिग्रॅम आहे. डबीवरचा "नॉन-टॉक्सिक" हा शिक्का बऱ्याचदा चित्रकलेच्या वापरापुरता असतो. रंग विकणाऱ्याला सरळ विचारा: "खेळण्यांच्या मानकाप्रमाणे केलेला चाचणी अहवाल आहे का?" अहवाल दिला तर त्यावरचं रंगाचं नाव आणि बॅच बघा. "मॅडम, सगळे हाच नेतात" असं उत्तर आलं तर दुसरं दुकान गाठा.

घरी तुम्ही एवढंच तपासू शकता की रंग सुटतो का. पांढरं ओलं फडकं जोरात घासा. फडक्यावर रंग आला तर नापासच. पण फडकं पांढरं राहिलं म्हणून शिसं नाही असा अर्थ होत नाही. ते प्रयोगशाळाच सांगते.

रंगाचा खर्च आणि शंका दोन्ही कमी करायची असेल तर चकत्या नैसर्गिकच ठेवा. लिक्विड पॅराफिनमध्ये मधमाश्यांचं मेण वितळवून हाताने चोळलं की लाकूड छान दिसतं. अंक रंगवण्यापेक्षा कोरून घेतलेले चांगले, मुलाचं बोटही त्यावरून फिरतं.

आपटा, ओढा, भिजवा

पहिली पाटी तयार झाली की लगेच फोटो काढायला बसू नका. आधी तिचे हाल करा. साधारण ९३ सेंटिमीटर उंचीवरून, म्हणजे जवळपास ओट्याच्या उंचीवरून, फरशीवर चार वेळा टाका. दरवेळी वेगळी बाजू खाली येऊ द्या. मग बॅग मोजायचा हुकाचा काटा दांड्याला बांधा आणि सात किलो दिसेपर्यंत ओढा. दांडा हलला तरी समजा सांधा कच्चा आहे. शेवटी सांधा ओल्या फडक्यात अर्धा तास गुंडाळून ठेवा आणि पुन्हा ओढा. साधा पांढरा फेविकॉल सतत ओलाव्यात मऊ पडतो, म्हणून पाणी सोसणारा गोंद वापरा, आणि नुसत्या गोंदावर विसंबू नका. दांडा भोकात खोल आणि घट्ट बसलेला हवा.

ताईंच्या नव्या पाटीत पहिल्याच फेरीला पाचवा दांडा निघाला. कारण शोधलं तर भोक १२ ऐवजी ७ मिमीच खोल गेलं होतं. ड्रिलच्या टोकावर १२ मिमीला चिकटपट्टीची खूण लावली आणि प्रश्न मिटला. हे घरात कळलं, गिऱ्हाइकाच्या घरी नाही.

ॲक्टिव्हिटी बॉक्स असेल तर

बॉक्समध्ये दहा वस्तू असतील तर दहाही वस्तू तपासायच्या. एक चुकीची वस्तू अख्खा बॉक्स नापास करते. पॉमपॉम, चिकटवायचे डोळे, मणी, राजमा, वाटाणे हे सगळं तीन वर्षांच्या आतल्या बॉक्समधून बाहेर काढा. कडधान्य नाकात गेलं की तिथल्या ओलाव्याने फुगतं आणि काढायला डॉक्टर लागतो. पाण्यात फुगणारे जेलचे मणी आणि छोटे ताकदवान चुंबक मात्र कोणत्याच वयाच्या बॉक्समध्ये नकोत. जेलचा मणी पोटात फुगून आतडं अडवू शकतो. दोन चुंबकं गिळली गेली तर ती आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना चिकटतात, आणि ऑपरेशनची वेळ येते.

खरोखर तीन वर्षांवरच्या मुलांचा बॉक्स असेल, कात्री-चिकटकामाचा वगैरे, तर लहान वस्तू घालता येतात. पण मग "लहान भाग आहेत, ३ वर्षांखालील मुलांसाठी नाही" ही सूचना ठळक हवी, आणि झाकणावर बाळाचा फोटो नको.

कागदपत्रं: हौस आणि धंदा यातली रेष

आता सगळ्यांना नको असलेला भाग. भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर बीआयएसचं आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. २०२० च्या खेळणी गुणवत्ता नियंत्रण आदेशाने हे लागू झालं. "आमचं शैक्षणिक आहे, खेळणं नाही" असं म्हणून सुटता येत नाही, कारण व्याख्येत "खेळण्यासाठी, फक्त त्याचसाठी नसलं तरी" असा अर्थ आहे. परवाना manakonline.in या पोर्टलवरून घेतात आणि तो माल बनवण्याच्या जागेचा असतो. म्हणजे पाटी तुमच्या नावाची, पण बनवतो गावातला सुतार, तर परवाना त्याच्या जागेला हवा. बिनचिन्हाचा माल विकल्यास २०१६ च्या बीआयएस कायद्यात दंड आणि कैद दोन्हींची तरतूद आहे.

एक दार उघडं ठेवलेलं आहे. विकास आयुक्त (हस्तशिल्प) यांच्याकडे नोंदणी झालेल्या कारागिराने स्वतः बनवून विकलेल्या मालाला या आदेशातून सूट आहे. भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तूंच्या नोंदणीकृत मालकांना आणि अधिकृत वापरकर्त्यांनाही आहे. म्हणून खरोखर हाताने लाकूडकाम करणाऱ्यांनी आधी हस्तशिल्प कार्यालयात जाऊन कारागीर ओळखपत्राची चौकशी करावी. तयार भाग मागवून घरी फक्त डब्यात भरणाऱ्याला कारागीर म्हणता येणार नाही. आणि सूट मिळाली ती चिन्हापासून, मुलाच्या घशापासून नाही. नळीची चाचणी सगळ्यांना सारखीच.

ही कागदपत्रं हातात येईपर्यंत मैत्रिणींना भेट द्या, सूचना घ्या, सुधारणा करा. पैसे घेऊन विक्री मात्र त्यानंतर.

मग परवडतं का?

ताईंच्या पाटीचा हिशोब बघा. आकडे त्यांच्या बॅचचे आहेत, तुमच्या गावचे भाव घालून पुन्हा मांडा. लाकूड ११० रुपये, गोंद-तेल-मेण ३५, पॉलिश पेपर १५, डबा आणि माहितीपत्रक ४५. झाले २०५. वेळ ७० मिनिटं, तासाला १२० रुपये धरून १४०. एकूण ३४५. बारा पाट्यांत एक गाठीमुळे किंवा चिरेमुळे बाद जाते, म्हणून १२ पाट्यांचा खर्च ११ वर वाटला तर एक पाटी पडते साधारण ३७६ रुपयांना.

त्या आधी ४९९ ला विकायच्या म्हणत होत्या. घरून थेट विकली तर १२३ सुटतात. पण खेळण्यांच्या दुकानाने ३० टक्के घेतले तर हातात येतात ३४९, म्हणजे पाटीमागे २७ रुपये खिशातून. ६५० किंमत ठेवली तर दुकानाचा वाटा जाऊन ४५५ येतात आणि ७९ सुटतात. त्यातून अजून चाचणीचा खर्च निघायचा आहे.

इथे एक युक्ती कामाला येते. चाचणी खेळण्याची होते, म्हणून लाकडी नमुने जितके जास्त तितका खर्च जास्त. ताईंना सात प्रकारची खेळणी काढायची होती. आम्ही एकच पाटी ठेवली आणि तिच्याबरोबर जाड कागदाचे मोठे पत्ते आखले: एका संचात भाज्या, एकात शेतातली जनावरं, एकात गणपतीची आरास. पत्त्यावर तीन वांगी, तर तिसऱ्या दांड्यावर तीन चकत्या. पाटी एकदाच विकली जाते, पत्त्यांचा नवा संच दर दोन महिन्यांनी विकता येतो, आणि लाकडाला हात लावावा लागत नाही. पत्तेही मुलाच्या तोंडात जाणार, म्हणून शाई आणि कागद यांचीही चौकशी तशीच करायची, आणि बीआयएसच्या कार्यालयात पाटीबरोबर पत्त्यांचा नमुनाही दाखवायचा.

डब्यावर शेवटी काय छापायचं? वस्तूचं नाव, आतल्या नगांची संख्या, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, सर्व करांसह एमआरपी आणि तक्रारीसाठी फोन-ईमेल. आणि कोपऱ्यात तो आकडा, वय. ताईंच्या नव्या डब्यावर आता "१८ महिने आणि पुढे" असं आहे, आणि फोटोतल्या बाळाच्या हातात ४५ मिमीची चकती आहे.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या खेळण्याचे सगळे सुटे भाग टेबलावर मांडा, पट्टीने मोजा आणि टिश्यू रोलच्या नळीतून टाकून बघा. जे आरपार गेले त्यांची यादी करा. पुढच्या व्हिडिओत आपण कारागीर ओळखपत्राचा अर्ज कसा भरायचा ते बघू. तेव्हा ही यादी सोबत असू द्या.